सोडलेली कार्ट आणि 15 सेकंदांची आठवण

ऑनलाइन दुकानात वस्तू निवडायची, कार्टमध्ये टाकायची आणि पैसे भरण्याआधी निघून जायचे, असे करणारे ग्राहक फार आहेत. डेन्मार्कमधील बेमार्ड इन्स्टिट्यूट या विषयावरची अनेक सर्वेक्षणे एकत्र करून सरासरी काढते. त्या सरासरीनुसार सुमारे 70 टक्के कार्ट अर्धवट राहतात. या ग्राहकांना दोन-चार दिवसांत फेसबुक, इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर तीच वस्तू पुन्हा दाखवणे म्हणजे रीटार्गेटिंग. गुगलने ही सोय जाहिरातदारांना 2010 मध्ये खुली केली. आज अगदी छोटा दुकानदारही फोनवर काढलेला व्हिडिओ वापरून अशी जाहिरात चालवू शकतो.

अशा व्हिडिओचा साचा ठरून गेला आहे. आधी सौम्य आठवण करून द्यायची, मग छोटी सवलत, शेवटी बटण. पण आठवण कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत द्यायची? सवलत द्यायचीच का, आणि किती? गेल्या दीड दशकातले संशोधन, भारतातले नियम आणि दुकानदाराचा हिशेब शेजारी ठेवले, तर या प्रश्नांची बऱ्यापैकी नेमकी उत्तरे मिळतात. त्यांचाच हा आढावा.

निघून गेलेला माणूस कोण?

कार्ट सोडणारा प्रत्येक जण विसरलेला नसतो. बेमार्डच्या सर्वेक्षणांत एक मोठा गट सरळ सांगतो की आम्ही नुसते बघत होतो, घ्यायचे ठरले नव्हते. हा गट बाजूला ठेवला, तर उरलेल्यांच्या कारणांत पहिला क्रमांक शेवटच्या पानावर वाढलेल्या खर्चाचा लागतो. डिलिव्हरी, कर आणि इतर आकार तिथे पहिल्यांदा दिसतात. त्याखाली खाते उघडण्याची सक्ती, उशिरा पोहोचणारी डिलिव्हरी, पैसे भरताना वाटणारा अविश्वास अशी कारणे येतात. आपल्याकडे त्यांत आणखी काहींची भर पडते: कॅश ऑन डिलिव्हरीची सोय नसते, आपल्या पिनकोडवर माल पोहोचत नाही किंवा यूपीआयचा व्यवहार मध्येच अडकतो.

यातली बरीच कारणे व्हिडिओने सुटत नाहीत. पैसे भरण्याचे पान बिघडलेले असेल, तर आठवण करून दिलेला माणूस त्याच बिघाडापाशी परत येतो आणि दुसऱ्यांदा वैतागून जातो. म्हणून स्क्रिप्ट लिहिण्याआधी, लोक नेमक्या कोणत्या पायरीवर थांबतात ते पाहावे. पिनकोड टाकल्यावर गळती होत असेल, तर अडचण डिलिव्हरीच्या खर्चाची किंवा पोहोचण्याची आहे. माप निवडण्याच्या जागी माणूस रेंगाळून निघून जात असेल, तर त्याला मापाची शंका आहे. व्हिडिओला याच शंकेचे उत्तर द्यायचे असते.

पुढच्या सगळ्या चर्चेसाठी एक उदाहरण धरू. कोल्हापुरी चपला विकणारे एक छोटे ऑनलाइन दुकान आहे. चपलेची किंमत 1,899 रुपये, डिलिव्हरी 99 रुपये. एका जोडीमागे सगळा खर्च जाऊन दुकानाकडे 700 रुपये उरतात. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, पण अडचण खरी आहे. कोल्हापुरी बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेल्या चामड्याची असते. नवी असताना ती घट्ट आणि कडक लागते, वापराने सैल होते. दुकानात ग्राहक ती पायात घालून बघतो. पडद्यावर त्याला आकड्यावर विश्वास ठेवावा लागतो, आणि तिथेच त्याचा हात थांबतो.

संशोधन काय सांगते?

पहिला प्रश्न वेळेचा. नवदीप साहनी, श्रीधर नारायणन आणि कीर्ती कल्याणम यांनी घरबांधणीचे सामान विकणाऱ्या एका संकेतस्थळावर प्रत्यक्ष प्रयोग केला. तो 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. रीटार्गेटिंगमुळे चार आठवड्यांत परत येणाऱ्यांची संख्या 14.6 टक्क्यांनी वाढली. भेटीनंतर जितका काळ गेला, तितका हा परिणाम घटत गेला. पहिल्या आठवड्यातल्या जाहिरातींच्या एकूण परिणामापैकी सुमारे एकतृतीयांश पहिल्याच दिवशी दिसला. म्हणजे महिनाभर मागे लागण्यापेक्षा पहिला आठवडा नीट वापरणे महत्त्वाचे.

दुसरा प्रश्न नेमकेपणाचा. माणसाने पाहिलेली तीच वस्तू दाखवावी, की दुकानाची सर्वसाधारण जाहिरात? अंजा लॅम्ब्रेक्ट आणि कॅथरीन टकर यांनी एका पर्यटन कंपनीच्या ग्राहकांवर केलेला अभ्यास 2013 मध्ये आला. नेमकी वस्तू दाखवणारी जाहिरात सरासरीने सर्वसाधारण जाहिरातीपेक्षा कमी पडली, हा त्यातला अनपेक्षित निष्कर्ष होता. मात्र जे ग्राहक परीक्षणे वाचण्यापर्यंत पोहोचले होते, म्हणजे ज्यांची आवड पक्की होत आली होती, त्यांच्यावर नेमक्या जाहिरातीने काम केले. अलेक्झांडर ब्लायर आणि माइक आयझेनबाइस यांच्या 2015 च्या अभ्यासाने याला वेळेची बाजू जोडली. भेटीनंतर लगेच दाखवलेली अतिशय नेमकी जाहिरात प्रभावी ठरते, पण तिचा प्रभाव लवकर ओसरतो.

हे निष्कर्ष एकत्र वाचले, तर कार्टवाल्यांसाठी वाट स्पष्ट होते. माप आणि रंग निवडून ज्याने चप्पल कार्टमध्ये टाकली, त्याची आवड बरीच ठरलेली आहे. त्याला पहिल्या काही दिवसांत तीच चप्पल दाखवणे योग्य. आठवड्यानंतरही तीच दाखवत राहिलो, तर तिचे काम संपलेले असते आणि उपद्रव तेवढा उरतो. नुसते दुकान चाळून गेलेल्याला त्या एका चपलेचा व्हिडिओ दाखवण्यात फारसा अर्थ नाही.

पहिला व्हिडिओ: आठवण आणि शंकेचे उत्तर

पहिल्या तीन दिवसांच्या व्हिडिओत सवलत नसावी. त्याचे कारण पुढे हिशेबात येईलच. आधी त्याची मर्यादा पाहू. सावकाश बोलले, तर मराठीत सेकंदाला दोन-अडीच शब्द बसतात. 15 सेकंदांत 30 ते 35 शब्द, त्याहून जास्त नाहीत. यूट्यूबवर वगळता येणारी जाहिरात पाच सेकंदांनंतर वगळता येते, म्हणून वस्तू आणि विषय त्याआधी कळले पाहिजेत. फोनवर बरेच जण आवाज बंद ठेवतात, त्यामुळे बोललेला प्रत्येक शब्द पडद्यावरही हवा. उभ्या व्हिडिओत खालचा भाग बटणांनी आणि नावांनी झाकला जातो, म्हणून अक्षरे मध्यभागी ठेवावी लागतात.

आपल्या दुकानाची स्क्रिप्ट अशी होईल:

0 ते 3 सेकंद. दृश्य: दोन हात चप्पल हलकेच वाकवून दाखवतात. आवाज: "कोल्हापुरी अजून मनात आहे?"

3 ते 9 सेकंद. दृश्य: कागदावर ठेवलेले पाऊल, पेन्सिलची रेघ, बाजूला पट्टी. आवाज: "मापाची शंका आहे? कागदावर पाऊल ठेवा, टाचेपासून बोटापर्यंत मोजा, आमच्या तक्त्यात माप शोधा."

9 ते 12 सेकंद. दृश्य: डब्यातून जोडी काढणारा हात. आवाज: "माप चुकलं, तर सात दिवसांत बदलून देऊ."

12 ते 15 सेकंद. दृश्य: दुकानाचे नाव आणि बटण. आवाज: "कार्ट तशीच आहे. सवडीने पाहा."

एकूण 29 शब्द. यात काय टाळले आहे, तेही पाहण्यासारखे आहे. "काल रात्री तुम्ही आठ नंबरची तपकिरी जोडी पाहिलीत" असे दुकान म्हणू शकले असते, कारण त्याला ते माहीत असते. पण असे ऐकल्यावर माणसाला सेवा मिळाल्यासारखे वाटत नाही, कोणीतरी पाळत ठेवल्यासारखे वाटते. शिवाय आपल्याकडे एकच फोन घरात अनेक हातांत फिरतो. वडिलांसाठी भेट म्हणून निवडलेली चप्पल वडिलांच्याच हातातल्या फोनवर "तुमची निवड" म्हणून झळकणे कोणालाच नको असते. वस्तू दिसू द्यावी, पण माणसाच्या हालचालींचा उल्लेख करू नये.

"तुमची जोडी राखून ठेवली आहे" हे वाक्यही जाणूनबुजून वगळले आहे. बहुतेक दुकानांत कार्टमध्ये टाकल्याने माल राखला जात नाही, तोच जोड दुसरा कोणीही घेऊ शकतो. "कार्ट तशीच आहे" एवढेच खरे असते, म्हणून तेवढेच म्हणावे. बदलून देण्याचे आश्वासनही दुकान खरोखर पाळणार असेल, तरच स्क्रिप्टमध्ये येऊ द्यावे. परत पाठवण्याचा खर्च ग्राहकावर पडणार असेल, तर ते बदलाच्या अटींत स्पष्ट लिहावे.

दुकानात दोनशे प्रकारच्या चपला असतील, तर दोनशे व्हिडिओ काढायची गरज नाही. कॅटलॉगशी जोडलेल्या जाहिरातीत सुरुवातीचे चित्र ग्राहकाने निवडलेल्या जोडीचे येऊ शकते. मापाचा, बदलाचा आणि शेवटचा भाग सगळ्यांना सारखाच राहतो. मात्र कॅटलॉगमधला साठा दररोज अद्ययावत व्हायला हवा, नाहीतर संपलेल्या जोडीची आठवण करून दिली जाते.

सवलतीचा हिशेब

सवलत दिली की ऑर्डर वाढतात. पण हा प्रश्न नुसत्या ऑर्डर मोजून सुटत नाही. ज्यांनी तसेही घेतलेच असते, त्यांनाही सवलत द्यावी लागते, आणि ते पैसे थेट नफ्यातून जातात. आपल्या दुकानाच्या आकड्यांवर हे मांडून पाहू.

कार्ट सोडलेले 1,000 ग्राहक धरू. काहीच केले नाही, तर समजा त्यातले 60 जण आपणहून परत येऊन घेतात. जोडीमागे 700 रुपये या दराने दुकानाला 42,000 रुपये मिळतात. आता आठवणीचा व्हिडिओ दाखवला, सवलत दिली नाही, आणि 70 जणांनी घेतले. ते झाले 49,000, त्यातून जाहिरातीचा 3,000 रुपये खर्च गेला की 46,000 उरतात. म्हणजे 4,000 रुपयांचा फायदा.

पहिल्याच दिवसापासून सगळ्यांना 99 रुपयांची डिलिव्हरी माफ केली आणि ऑर्डर 80 झाल्या, तर जोडीमागे 601 रुपये उरतात. खर्च वजा जाता 45,080 रुपये हाती येतात. ऑर्डर दहाने वाढल्या, पण नुसत्या आठवणीपेक्षा हाती कमीच आले. 10 टक्के सूट दिली, म्हणजे सुमारे 190 रुपये, आणि ऑर्डर 84 झाल्या, तर उरतात 39,840 रुपये. हे काहीच न करण्यापेक्षाही कमी आहे. तरी जाहिरातीच्या अहवालात हीच मोहीम सर्वांत यशस्वी दिसेल, कारण तिने सर्वांत जास्त ऑर्डर आणल्या.

आता चौथा पर्याय. पहिले तीन दिवस नुसती आठवण द्यायची. त्या काळात 50 जणांनी पूर्ण किमतीत घेतले. चौथ्या दिवसापासून, ज्यांनी अजून घेतले नाही त्यांनाच मोफत डिलिव्हरी दाखवली. सवलतीविना पुढे 20 जणांनी घेतले असते, ते आता 30 झाले. पहिल्या पन्नासांचे 35,000 आणि पुढच्या तिसांचे 18,030 मिळून 53,030 होतात. जाहिरातीचा खर्च वजा जाता 50,030 उरतात. म्हणजे काहीच न करण्यापेक्षा 8,030 रुपये जास्त. ऑर्डर तेवढ्याच 80, पण आठवण आधी आणि सवलत नंतर या क्रमाने फायदा वाढला.

सवलत कोणत्या रूपात द्यावी, याचेही उत्तर इथेच मिळते. लोक शेवटच्या पानावरच्या खर्चाला अडखळतात, हे माहीत आहे. मग तोच खर्च उचलणे सर्वांत थेट. शिवाय मोफत डिलिव्हरीने वस्तूच्या किमतीला धक्का लागत नाही. 1,899 ची चप्पल एकदा 1,709 ला दिली, की पुढच्या वेळी 1,899 महाग वाटते.

दुसऱ्या व्हिडिओची स्क्रिप्ट अशी:

0 ते 3 सेकंद. दृश्य: अंगणातून चालत जाणारी पावले, पायांत तीच चप्पल. आवाज: "अजून ठरलं नसेल, तर एक छोटी मदत."

3 ते 8 सेकंद. दृश्य: बिलाचे पान, डिलिव्हरीच्या ओळीत शून्य. आवाज: "या ऑर्डरची डिलिव्हरी आमच्याकडून. 99 रुपये बिलातून आपोआप कमी होतील."

8 ते 12 सेकंद. दृश्य: चप्पल डब्यात ठेवली जाते. आवाज: "कुपन कोड टाकायची गरज नाही. मुदत कार्टमध्ये दिसेल."

12 ते 15 सेकंद. दृश्य: दुकानाचे नाव आणि बटण. आवाज: "कार्ट उघडा, नको असेल तरी हरकत नाही."

कुपन कोड टाळण्याचे कारण व्यावहारिक आहे. कोडची रिकामी चौकट दिसली की माणूस आणखी मोठे कुपन शोधायला बाहेर पडतो. मुदत व्हिडिओत नाही, कारण प्रत्येकाची मुदत त्याने कार्ट कधी सोडली त्यावरून ठरते आणि व्हिडिओ सगळ्यांना एकच असतो. ही सवलत एका ग्राहकाला वर्षातून एकदाच मिळावी, अशी अट दुकानाच्या प्रणालीत घालून ठेवावी. दर वेळी कार्ट सोडली की डिलिव्हरी माफ होते, हे ग्राहकाच्या लक्षात आले तर तो मुद्दामच कार्ट सोडायला शिकतो. सात दिवसांनी दोन्ही व्हिडिओ थांबवावेत.

सौम्यपणाला कायद्याचाही आधार

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी डार्क पॅटर्नविषयीची मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. फसव्या रचनेचे 13 प्रकार त्यांत दिले आहेत. त्यांपैकी काहींचा कार्टच्या आठवणीशी थेट संबंध येतो. "फक्त 2 जोड्या शिल्लक" हे खोटे असताना म्हणणे ही खोटी घाई. "नको, मला चांगल्या चपलांची कदर नाही" असा नकाराचा पर्याय देणे म्हणजे ग्राहकाला लाजवणे. पुन्हा पुन्हा त्रास देणारी विनवणी आणि शेवटच्या पायरीवर उघड होणारी किंमत हेही या यादीत आहेत. दर वेळी नव्याने सुरू होणारे उलटे घड्याळ अनेक तयार स्क्रिप्टमध्ये असते. ते खोट्या घाईचेच उदाहरण आहे.

या यादीतला किमतीचा मुद्दा आपल्या विषयाच्या मुळाशी जातो. डिलिव्हरीचे 99 रुपये चपलेच्या पानावरच दाखवले, तर शेवटच्या पानावर थांबणारे मुळातच कमी होतील. त्यांच्यासाठी व्हिडिओ काढायची गरजही तेवढीच घटेल. याखेरीज 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 वर्षांखालील मुलांचा माग काढून त्यांना लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींना आळा घालतो. शालेय वस्तू, खेळणी किंवा गेम विकणाऱ्यांना हे विशेष जपावे लागेल.

यंत्रणा कुठे चुकते, आणि ते कसे कळते

सगळी यंत्रणा दोन नोंदींवर चालते. वस्तू कार्टमध्ये टाकली की संकेतस्थळ `AddToCart` ही नोंद पाठवते, खरेदी पूर्ण झाली की `Purchase`. पहिली नोंद आहे आणि दुसरी नाही, अशांना व्हिडिओ दिसतो. आपल्याकडे नेहमीचा बिघाड दुसऱ्या नोंदीत होतो. ग्राहक पैसे भरायला यूपीआय ॲपमध्ये जातो, पैसे भरतो आणि तिथूनच फोन बंद करतो. दुकानाच्या धन्यवादाच्या पानावर तो परत येतच नाही, आणि `Purchase` त्याच पानावर बसवलेली असते. ज्याने पूर्ण पैसे भरले, त्यालाच चार दिवसांनी सवलतीचा व्हिडिओ दिसतो. त्याला आपण फसलो असे वाटते, आणि तो दुकानाला फोन करून 99 रुपये परत मागतो.

हा बिघाड ओळखणे सोपे आहे. एका आठवड्यातल्या दुकानाच्या वहीतल्या ऑर्डर आणि जाहिरात खात्यातल्या `Purchase` नोंदी शेजारी ठेवाव्यात. 2021 मध्ये ॲपलने आयफोनवर माग काढण्यासाठी परवानगी सक्तीची केल्यापासून थोडी तफावत राहणारच. पण तफावत मोठी असेल आणि ती यूपीआयच्या ऑर्डरींमध्येच साचलेली असेल, तर दोष इथेच आहे. पैसे मिळाल्याची खात्री दुकानाच्या सर्व्हरला होताच तिथूनच नोंद पाठवणे हा त्यावरचा उपाय.

दुसरी चूक मोजमापाची. जाहिरात पाहून एका दिवसात किंवा तिच्यावर टिचकी मारून सात दिवसांत झालेली खरेदी मेटाच्या नेहमीच्या मांडणीत जाहिरातीच्या खात्यावर जमा होते. पण कार्ट सोडणाऱ्यांतले काही जण तसेही परतणारच होते. आपल्या उदाहरणातल्या त्या 60 जणांनीही बहुधा व्हिडिओ पाहिला असता, आणि अहवालाने त्यांचे श्रेय घेतले असते. खरा परिणाम कळायला काही ग्राहकांना मुद्दाम, चिठ्ठी टाकून निवडल्यासारखे, जाहिरातीपासून दूर ठेवावे लागते. गॅरेट जॉन्सन, रँडल लुईस आणि एल्मार नुबेमायर यांनी खेळाचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानासाठी अशी तुलना केली. तो अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. रीटार्गेटिंगने भेटी 17.2 टक्क्यांनी आणि खरेदी 10.5 टक्क्यांनी वाढली होती. रीटार्गेटिंगचा परिणाम खरा असतो, पण त्याचा आकार मध्यम असतो.

मध्यम परिणाम मोजायला माणसे पुष्कळ लागतात. हजारात 60 आणि हजारात 70 यांतला फरक योगायोग नाही, असे खात्रीने म्हणायचे तर दोन्ही गटांत प्रत्येकी सुमारे 10,000 ग्राहक हवेत. महिन्याला पाचशे कार्ट सुटणाऱ्या दुकानाला ही मोजणी परवडत नाही, आणि एका आठवड्याच्या चढउतारावरून स्क्रिप्ट बदलत राहणे त्याच्यासाठी व्यर्थ आहे. त्याने संशोधनाने दाखवलेला क्रम पाळावा, वहीचा हिशेब नफ्यावर मांडावा आणि सगळा वेळ ग्राहकाची शंका ओळखण्यावर घालवावा.

हा क्रम थोडक्यात असा. चपलेच्या पानावर पूर्ण किंमत आधी दाखवावी, म्हणजे आठवणीची गरजच कमी होते. तरीही जे थांबले, त्यांना पहिल्या तीन दिवसांत त्यांच्या नेमक्या शंकेचे उत्तर द्यावे. ज्यांचे अजून ठरले नाही, त्यांच्या डिलिव्हरीचा भार एकदाच उचलावा. आठवड्यानंतर त्यांचा निर्णय मान्य करून थांबावे. एवढे केल्यावरही जो परत येत नाही, त्याला आणखी मोठी सवलत देणे दुकानाला बहुतेक वेळा परवडत नाही, आणि आणखी आठवण करून देण्याचा अधिकारही दुकानाकडे उरत नाही.